सामंताची साक्ष गाळली तरी चालते म्हणे!

पोहे_जिरावण
'शांतता! कोर्ट चालू आहे' वर नाटकाच्या पेपराला प्रवेशाचं विश्लेषण आहे, संघर्ष, संवाद आणि पात्राचा हेतू असं तिन्ही लिहायचंय. वर्गातले सगळे दुसऱ्या अंकातली सामंताची साक्ष करून राहिले आहेत. मला तर ती नुसती हसवायला टाकलेली वाटते, कादंबरीतलं काहीतरी ठोकून देतो, सगळं खोटंच, त्यात संघर्ष कुठाय? गाळली तरी नाटक चालतं. मी सरळ त्या खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईचं शेवटचं स्वगत घेणार. कुणाला पटत नसेल तर सांगा, पण थोडक्यात.

रामबागची_मावशी
थोडक्यात नाही जमणार, हे वाचून सकाळपासून डोकं फिरलंय माझं. मी आमच्या हौशी मंडळात या नाटकाला प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत वही घेऊन बसलं की प्रेक्षक कुठे हसतात आणि कुठे हसायचे थांबतात ते बरोब्बर ऐकू येतं, आणि सामंताच्या साक्षीत ते अर्ध्यातच थांबतात.

आधी सामंत का उभा राहतो ते बघ. शहरातून आलेल्या नाटकमंडळीतला रावते आजारी पडला म्हणून चौथा साक्षीदार हवा, गावातला हा भला माणूस सापडला, पण त्याने कोर्ट कधी बघितलेलंच नाही. म्हणजे हा लुटुपुटीचा खटला मुळात त्याला कळावं म्हणून सुरू झाला. आणि बेणारे हॉलवर पहिल्यांदा येते ती याच्याच बरोबर, शाळेतल्या चौकशीचं मोकळेपणाने बोलते तेही याच्याशीच. हे डोक्यात ठेवून दुसरा अंक वाच.

पोंक्षे, कर्णिक यांच्या साक्षी होतात तोवर टवाळी चाललेली असते. मग बाळू रोकडे. न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या आश्रयाला राहिलेलं, सगळ्यांकडून बोलणी खाणारं पोर, ते चाचरत सांगून टाकतं की मंडळीतल्याच, त्या दिवशी न आलेल्या दामल्यांकडे संध्याकाळी गेलो तर बेणारेबाई तिथे होत्या. खेळात खरी गोष्ट शिरली ती इथे, आणि बाईंचा चेहरा उतरतो तोही इथेच. त्याच्या पाठोपाठ सामंत. त्याला एवढंच हवंय की आपलं काम चोख व्हावं, शहरातल्या मंडळींनी शाबास म्हणावं. दामल्यांचं नाव त्याने आत्ताच ऐकलेलं, ते उचलतो आणि हातातल्या स्वस्त कादंबरीतला प्रसंग त्याला चिकटवतो. बंद दाराआड एक बाई रडत विचारतेय की या अवस्थेत मी जाऊ कुठे, आणि पुरुष थंडपणे सांगतोय की तो तुझा प्रश्न, मला माझी अब्रू सांभाळायचीय.

आता संवाद. बाकीचे सगळे रोजच्या बोलीत, वकील सुखात्मे कोर्टाच्या रुबाबात, आणि सामंत एकदम पुस्तकी, रडक्या भाषेत. त्या भाषेलाच लोक हसतात. पण तेच शब्द स्टेजवर एका बाईच्या बाबतीत खरे आहेत आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. ती गप्प बसली असती तर ते थट्टेवारी गेलं असतं. ती उसळते, सगळं खोटं आहे म्हणून ओरडते, डोळे भरून येतात, आणि कादंबरीतल्या थापेला पुरावा मिळतो तो तिच्याच आवाजाचा. संघर्ष कुठाय विचारतोस ना, तो हा. तिला नाकारणंही परवडत नाही आणि गप्प राहणंही.

सुखात्मेला माहितीय की हे पुस्तकातलं आहे. तरी तो साक्षीदाराला सोडून तिच्याकडे बघायला लागतो. ही साक्ष काढून टाक आणि मग मला सांग, तिसऱ्या अंकात तो झगा चढवून कशाच्या जोरावर सुटतो?

जिल्हाकोर्ट_अठरावर्षे
मावशींचं नाटकाचं ज्ञान मोठं असेल, पण मला हे नाटक पहिल्या अंकापासूनच खुपतं. आरोप काय तर भ्रूणहत्या, आणि कलम लावलंय ३०२. अहो ३०२ म्हणजे खुनाची शिक्षा! गर्भपाताची कलमं ३१२ पासून पुढे, मूल जिवंत जन्मू नये म्हणून केलेलं कृत्य ३१५ मध्ये. (आता ते सगळं नव्या संहितेत गेलं, तो वेगळा विषय.) वर एकच वकील फिर्यादीचाही आणि बचावाचाही, आणि तिसऱ्या अंकात न्यायाधीश स्वतः खुर्ची सोडून साक्षीला येतात! अशावर मुलांना विश्लेषण लिहायला लावतात. दाराआडून आवाज ऐकला म्हणे, आमच्याकडे असा साक्षीदार उलटतपासात दोन मिनिटं टिकत नाही. मागे एका खटल्यात गावाकडचा एक जण चक्क सिनेमातला प्रसंग शपथेवर सांगून गेला होता, त्याला मीच पकडला. ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, सांगू का?

रामबागची_मावशी
नको. वकीलसाहेब, दामले आले नाहीत म्हणून दोन्ही बाजू एकट्या सुखात्मेकडे आल्या, हे नाटकातच सांगितलंय. आणि सुखात्मे कोण? ज्याच्याकडे अशील फिरकत नाहीत असा वकील. कलम चुकलं असेल तर ते त्याच्या तोंडी शोभतंच की.

जिल्हाकोर्ट_अठरावर्षे
आरोप काशीकर वाचून दाखवतात, सुखात्मे नव्हे. आधी संहिता उघडा.

रामबागची_मावशी
उघडलेलीच आहे, प्रॉम्प्टरकडे दुसरं असतं काय! काशीकर तर समाजसेवक, त्यांना कलमं कोण शिकवणार? तुम्हाला ३०२ चं एवढं लागलं तर शेवटचा निकाल बघा. आरोप होता भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय दिली? तू जग, पण पोटातलं मूल नष्ट व्हायला हवं. जो गुन्हा म्हणून तिला उभं केलं तोच हुकूम म्हणून सुनावला. याला कुठलं कलम?

जिल्हाकोर्ट_अठरावर्षे
ते बरोबर आहे, मानतो. पण मग हेही माना की गर्भपाताचा कायदा १९७१ चा, नाटक त्याच्या आधीचं. त्या काळात असा आदेश देणारं कोर्ट स्वतःच आरोपी झालं असतं. हा मुद्दा एकाही गाईडमध्ये नाही, बक्षीस द्या मला.

लोकमान्यनगर_आजोबा
सुलभा देशपांड्यांची बेणारे ज्यांनी बघितली त्यांनीच यावर बोलावं. हल्लीच्या मुली ते स्वगत किंचाळतात. बाकी चालू द्या.

पलासियाकर_नेहा
वकीलदादा आणि मावशी, तुम्ही दोघं कलमातच रमलात. मला सामंताबद्दल वेगळंच वाटतं. सगळे त्याला साधाभोळा म्हणून सोडून देतात ते मला मुळीच मान्य नाही. तो मोठा बाप्या आहे. समोरची बाई पांढरीफटक पडलीय आणि हा पुढे बोलतोच आहे, कारण सगळे कान देऊन ऐकतायत आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला भाव मिळतोय. आमच्या ऑफिसच्या पिकनिकला असंच गमतीचं कोर्ट भरवलं होतं. एकीवर लेट येण्याचा आरोप ठेवला, हसत हसत सुरू झालं आणि एका अगदी सज्जन माणसाने 'हिला रोज कुणीतरी गाडीने सोडतं' असं जोडलं. त्याला काहीही म्हणायचं नव्हतं हो. ती त्यानंतर डब्याला आमच्यात बसली नाही, पुढे नोकरीच सोडली. सज्जन माणसाचं बोलणं लोक पटकन खरं मानतात, म्हणून तो जास्त घातक. माझ्या मते सामंत दोषी आहे, बाकीच्यांइतकाच.

रामबागची_मावशी
नेहा, भाव मिळतोय म्हणून तो रंगतो हे अगदी बरोबर, हेतूत हे लिहायलाच हवं. पण बाकीच्यांइतकाच? पोंक्षेने तिच्या पर्समधून टिक-ट्वेंटी या ढेकणांच्या विषाची बाटली घरंगळलेली पाहिली होती, तिने पदर पसरला तेव्हाचं सगळं त्याला माहीत होतं, आणि ते तो तिसऱ्या अंकात चवीने सांगतो. कर्णिक तिचं लहानपणीचं मामाचं प्रकरण काढतो. हा माहिती असून केलेला वार आहे. सामंताकडे माहितीच नव्हती. शेवटी तिच्याजवळ तो हिरवा कापडी पोपट ठेवायला दुसरं कोण येतं?

पलासियाकर_नेहा
पोपट ठेवला म्हणजे झालं? तिसऱ्या अंकभर तिथेच होता ना तो, एकदा तरी 'बस करा' म्हणाला?

रामबागची_मावशी
पाहुणा आहे तो त्यांचा. पण बरं, हे तू विचारलंस ते चांगलं विचारलंस, यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही.

सुदामानगर_आई
माझ्या मुलीने मागच्या वर्षी याच प्रश्नाला सात पानं लिहिली, मार्क पंधरापैकी सहा!! कथानक सगळं अगदी बरोबर होतं. पेपर तपासणारे वाचतच नाहीत, वजन बघतात. सामंताचं करायचं की स्वगताचं, काय येणार ते सांगा ना कुणीतरी.

रामबागची_मावशी
वहिनी, कथानक बरोबर होतं तिथेच मार्क गेले असणार. प्रवेशाचं विश्लेषण म्हणजे गोष्ट सांगणं नव्हे. आधी कोण कशासाठी बोलतंय ते, मग कुठल्या वाक्याला पारडं फिरलं ते, आणि त्यानंतर कोण गप्प झालं. सात पानं कशाला, अडीच पुरतात. मुलीला एक छोटी गोष्ट पण सांगा, कडीची. पहिल्या अंकात बेणारे येते तेव्हा दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं, आणि सामंतच सांगतो की बाहेरची कडी जराशी सरकली की माणूस आत अडकलाच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती उठून निघते तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. सामंताच्या साक्षीनंतर थोड्याच वेळात. दोन ओळींत लिहिलं तरी परीक्षकाला कळतं की मुलीने नाटक वाचलंय.

जिल्हाकोर्ट_अठरावर्षे
कोंडून ठेवणं, जुनं कलम ३४२. नोंद करावी.

पोहे_जिरावण
झालं का सगळ्यांचं? मी थोडक्यात म्हणालो होतो भिया, इथे तर पीएचडी होऊन राहिली आहे. ठीक आहे, साक्ष गाळत नाही, खूश? पण मावशी, स्वगताचं काय ते कुणीच बोललं नाही. ती एवढं बोलते तेव्हा बाकीचे पुतळ्यासारखे थिजलेले असतात, म्हणजे ते तिने बोललेलंच नाही, फक्त आपण ऐकलं. मग त्यात समोर संघर्ष कुणाशी?

रामबागची_मावशी
आता विचारलास बरोबर प्रश्न. काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात आणि नाटकवाला तिला तेवढ्यात अख्खं आयुष्य बोलायला देतो. कोर्टाच्या लेखी ती गप्पच राहिली. म्हणून म्हणते, तुझा पेपर संवादावर असेल तर स्वगत अवघड जाईल, समोर उत्तर देणारंच कुणी नाही. सामंताच्या साक्षीत निदान पाच जणांचे कान टवकारलेले आहेत.

पलासियाकर_नेहा
आणि सामंत दोषी आहे हेही लिही. माझं नाव नको टाकूस फक्त.

लोकमान्यनगर_आजोबा
दोषी वगैरे काही नाही. तुम्ही प्रयोग बघितलाय का एकतरी?

पलासियाकर_नेहा
आजोबा, तुमच्या काळातले सगळे सज्जनच होते, माहितीय आम्हाला.