गॉगलवाल्या फोटोवरून पोर्ट्रेट

> "फोटोत आजोबांनी काळा गॉगल घातलाय, डोळे अंदाजाने काढले तर चालतील का?"

अंदाजाने नका काढू, डोळा दोन मिलिमीटर इकडंतिकडं झाला तरी घरचे म्हणतात हे आमचे नाहीत. माझ्याकडं असंच काम आलेलं, सोलापूरच्या गड्ड्यावरच्या जत्रेतला फोटो, गॉगल लावून हसणारे काका, आता नाहीत ते, आणि घरच्यांना डोळे हवेच होते. दुसरे फोटो मागवले, त्यात आधारकार्डासाठी काढलेला सगळ्यात स्पष्ट पण चेहरा गंभीर, तो चालत नाही कारण हसताना गाल वर चढतात, खालची पापणी उचलली जाते आणि डोळा बारीक होतो. शेवटी लग्नातल्या ग्रुप फोटोत तसाच हसरा, तेवढाच वळलेला चेहरा सापडला.

मग माप. नाकाच्या खालच्या कडेपासून हनुवटीपर्यंत मूळ फोटोच्या प्रिंटमध्ये ४२ मिमी आणि लग्नातल्या प्रिंटमध्ये १४, म्हणजे तीनपट मोठा करून ट्रेस केला, आणि कानाचं वरचं टोक जुळतंय का बघितलं. ते जुळलं नसतं तर डोकं वरखाली झुकलंय असं समजून तो फोटो सोडला असता. सावली मात्र लग्नातली घेऊ नका, तिथं समोरून फ्लॅश होता, मूळ फोटोत नाकाची सावली ज्या बाजूला पडलीय त्याच हिशोबानं भुवईखाली शेडिंग करा. मास्क असेल तर हनुवटी झाकलेली, मग दोन डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधलं अंतर धरा. हात गालावर असेल तर मी तो तसाच काढतो. आणि जुळणारा फोटो मिळालाच नाही तर गॉगल ठेवा, घरच्यांना आधीच सांगून.