मुदतपूर्व भरणा : हप्ता कमी करावा की मुदत?

«५० लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षे. सुरुवातीलाच ५ लाख भरले तर मुदत घटवून १७.५९ लाख व्याज वाचते, हप्ता घटवून फक्त ५.४१ लाख. मग हप्ता कमी करण्याला काही अर्थ आहे का?»

अर्थ आहे, कारण या दोन पर्यायांत भरलेली रक्कम समान नाही. हप्ता ४३,३९१ वरून ३९,०५२ झाला, की दरमहा ४,३३९ रुपये आपल्या हातात राहतात. मुदत घटवताना मात्र तेच पैसे १८८ महिने, म्हणजे सुमारे ८ लाख १६ हजार, कर्जात जात राहतात. ज्यादा वाचणारे व्याज त्या नियमित भरण्याचे आहे, ५ लाखांचे नव्हे. कमी हप्ता घेऊन तेवढीच रक्कम दरमहा मुद्दलात भरली, तर कर्ज साधारण त्याच महिन्यात फिटेल. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीने मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मागितली, तेव्हा कमी हप्त्यामुळे मला ही ज्यादा रक्कम चार महिने थांबवता आली. मुदत घटवली असती तर हप्ता अडवता आला नसता.

अर्थात ही शिस्त स्वतः पाळावी लागते, आणि काही कर्जदाते अंशतः भरण्याला किमान रकमेची अट घालतात, ती आधी विचारून घ्यावी. तरता व्याजदर असलेल्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचे शुल्क लागत नाही. मुदतच घटवायची असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि पुढील परतफेड तक्त्यात १८८ हप्ते उरले आहेत ना, ते मोजावे.