मोनो नो अवारे: ही उदासीच, की आणखी काही?

शब्दवेडी
मैत्रिणीने चेरीच्या फुलांचा फोटो टाकला आणि खाली नुसतं "मोनो नो अवारे" लिहिलं. विचारलं तर म्हणे, "जपानी लोकांची उदासी असते ती, सरणाऱ्या गोष्टींबद्दलची." मग उदासीच म्हणा की. आपल्याकडे उदास, खिन्न, विषण्ण असे शब्द काय कमी आहेत? की यात वेगळं काही आहे? जाणकारांनी सांगावं. आणि मराठीत नेमका कुठला शब्द बसेल?

डोंगरवाट
सोपं आहे. मोनो म्हणजे वस्तू, अवारे म्हणजे दुःख. सगळं नाशिवंत आहे, हे उमगल्यावर मनाला येणारी कळा. बौद्ध अनित्यता ती हीच. आपले संत तरी वेगळं काय सांगत होते? देह जाणार, घरदार जाणार, कशात जीव गुंतवू नका. थोडक्यात वैराग्य. जपानी लोकांनी त्याला फुलं लावली, इतकंच.

जुनी_वही
डोंगरवाट, मोनोचा अर्थ बरोबर आहे, अनित्यतेचा धागाही खरा आहे. पण वैराग्याशी जोडलंत तिथे गाडी उलट्या दिशेला गेली. वैराग्य म्हणतं, जाणारच आहे तर सोडून दे. अवारे जाणणाऱ्याला ते सोडवत नाही.

हा शब्दप्रयोग पहिल्यांदा सापडतो ती जागाच पाहू, म्हणजे घोळ कमी होईल. की नो त्सुरायुकी हा कवी तोसा प्रांताचा सुभेदार होता. तोसा म्हणजे शिकोकू बेटावरचा आजचा कोची प्रांत. मुदत संपल्यावर तो जहाजाने राजधानीला परत निघाला. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने ९३५ च्या सुमारास लिहिली, तीही एका बाईच्या तोंडून. बाराव्या चांद्रमहिन्याच्या २७ तारखेला बोट उरादोकडे निघाली आहे. वाटेत काको नावाच्या भूशिरापाशी नव्या सुभेदाराचे भाऊ आणि आणखी काही मंडळी दारू घेऊन मागून येऊन गाठतात. सगळे किनाऱ्यावर उतरून बसतात. पिणं होतं, निरोपाच्या कविता होतात. आलेले म्हणतात, तुम्ही थांबाल या आशेने आम्ही बदकांसारखे थवा करून आलो. निघणारा उत्तर देतो, वल्ह्याच्या काठीला ज्याचा तळ लागत नाही अशा समुद्राइतकं खोल तुमचं मन दिसतंय. एवढ्यात नावाडी, ज्याची स्वतःची दारू पोटभर पिऊन झाली आहे, ओरडायला लागतो, "भरती आली! वारा सुटेल आता!" आणि सगळे उठून बोटीत चढायला लागतात.

या नावाड्याबद्दल लिहिलं आहे की त्याला मोनो नो अवारे कळत नव्हतं.

आता सांगा, त्या वाळूवर उदास कोण होतं? हातात पेला आहे, माणसं प्रेमाने धावत आली आहेत, कविता जमते आहे. आनंदाचीच वेळ आहे. फक्त ती संपणार आहे आणि बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. अवारे आहे ते त्या सगळ्या वेळेत. त्यातली चुटपुट तेवढी बाजूला काढली, तर हाताशी काही राहणार नाही.

बंदरकर
माफ करा, पण नावाड्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. आमच्या घरी दोन पिढ्या होड्यांवर गेल्या. भरती भरली की निघायचं असतं. ओहोटी लागली तर बोट वाळूत रुतून बसेल आणि वारा फिरला तर उरादो राहील बाजूला. तांडेल घाई करतो ती सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो म्हणून. दारू काय एकट्याने प्यायला होता? सुभेदारसाहेबांना हळवं व्हायला वेळ होता, कारण बोट दुसरं कोणी चालवत होतं.

जुनी_वही
हा मुद्दा मी खोडून काढणार नाही. त्या वाक्यात दरबारी नाक मुरडणं आहेच. पण नावाडी भरतीबद्दल चूक होता असं लेखकही म्हणत नाही. त्याची तक्रार एवढीच की इथे काय चाललंय, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. "कळत नाही" हेच क्रियापद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि शब्दवेडींच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच तारखेत, काही ओळी आधी आहे. या घराची लहान मुलगी तोसात वारली होती. सगळे राजधानीला परतताहेत, ती नाही. बोटीवर कोणीतरी कविता करतं की राजधानीला निघालो तरी मन दुखतंय, कारण परत न येणारं एक माणूस आहे. दुसऱ्या कवितेत तर असं आहे की ती आहे असं वाटून आपण अजून "कुठे गेली?" विचारतो आणि मग आठवतं. या दोन्ही ठिकाणी शब्द कोणता, तर कानाशी, म्हणजे सरळ दुःख. अवारे नाही. एकाच दिवसाच्या नोंदीत मुलीसाठी एक शब्द आणि निरोपासाठी दुसरा.

निशिकासाईकर
मी तोक्योत बरीच वर्षं आहे, तर रोजच्या वापराबद्दल थोडं. ऑफिसात कोणी "मोनो नो अवारे" म्हणत नाही. तो शाळेच्या पुस्तकातला शब्द झाला आहे. मन भरून येऊन आत काहीतरी तुटतं तेव्हा लोक सेत्सुनाई म्हणतात. क्षणभंगुर गोष्टीला हाकानाई. आणि नुसतं अवारे आता चक्क "बिचारा, केविलवाणा" या अर्थाने वापरतात, त्यामुळे कोणाच्या तोंडावर कौतुक म्हणून वापरायला जाऊ नका! उदासी, जी महिनोन्‌महिने उतरत नाही, तिला युउत्सु हा वेगळाच शब्द आहे.

चेरीचं म्हणाल, तर पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर, मध्ये पाऊस आला तर तेवढाही नाही. पण झाडाखाली निळ्या ताडपत्रीवर बसलेली मंडळी उदास अजिबात नसतात. खातात, पितात, गातात, आणि जागा धरायला सकाळपासून एखाद्या नव्या भरती झालेल्याला बसवून ठेवतात. मात्र ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, बदल्यांचे दिवस तेच. शेजारच्या टेबलावरचा माणूस बहुधा पुढच्या वर्षी या ताडपत्रीवर नसतो.

पेन्शनर१९५८
चर्चा वाचून बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझं असंच झालं आहे. संध्याकाळ झाली की कशातच राम वाटत नाही. बागेत गेलो तरी तेच, नातवंडं आली तरी तेच. म्हणजे मलाही हे मोनो नो अवारे झालं म्हणायचं का?

जुनी_वही
काका, नाही. तुम्हीच लिहिलंत, "बागेत गेलो तरी तेच, नातवंडं आली तरी तेच." फरक नेमका तिथेच आहे. खिन्नता आतून निघते आणि समोर काहीही आलं तरी त्याला आपलाच रंग देते. अवारे निघतं समोरच्या गोष्टीतून, म्हणून गोष्ट बदलली की तेही बदलतं. नातू आला तर वेगळं, तो गेटबाहेर पडला तर वेगळं.

शब्दवेडी
काका, आणि हे घरच्यांशी बोला, डॉक्टरांच्याही कानावर घाला. त्याला जपानी नाव देऊन बसू नका.

डोंगरवाट
मान्य, माझं वैराग्य मागे घेतो. पण "गळणारं फूलच सुंदर" हा जपानी विचार आहे ना? केन्को नावाचा भिक्षू म्हणून गेला आहे की फुलं पूर्ण बहरातच आणि चंद्र निरभ्र आकाशातच पाहायचा का?

जुनी_वही
म्हणून गेला आहे, १३३० च्या आसपास. माणूस दवासारखा उडून न जाता कायम राहिला असता, तर अवारेही उरलं नसतं, हेही त्याचंच. पण गंमत अशी की ज्या माणसाने हा शब्द उचलून त्याचा सिद्धान्त केला, तोच केन्कोवर उखडला होता.

तो मोतोओरी नोरिनागा, १७३० ते १८०१. मात्सुसाका गावच्या कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरातला, क्योतोत वैद्यकी शिकून आलेला. दिवसा रोगी तपासायचा आणि घरी गावकऱ्यांना गेंजीची कथा ही जुनी दरबारी कादंबरी शिकवायचा. त्याचं म्हणणं असं की लोकांना बहरलेलं फूल आणि स्वच्छ चंद्रच हवा असतो. जुने कवी वाऱ्यावर चिडतात, ढगांना बोल लावतात, ते त्यामुळेच. फूल गळावं असं कोणालाच वाटत नाही आणि केन्कोची ती रसिकता बनावट आहे, असं त्याने साफ लिहून ठेवलं आहे. मला नोरिनागाचं पटतं. गळणं आवडायला लागलं तर हळहळायचं कशाला?

आता ते "कळणं". नोरिनागा सहसा नुसतं मोनो नो अवारे म्हणत नाही, "मोनो नो अवारे जाणणं" म्हणतो. आनंदाच्या गोष्टीने आनंदित होणं आणि दुःखाच्या गोष्टीने दुःखी होणं, दोन्ही त्यात आलं. त्याच्या मते अवारे हा मुळात आ आणि हारे असे दोन उद्गार जोडून झालेला आहे. काहीही मनाला भिडलं की तोंडातून निघेल तो. "शाब्बास!" या अर्थाचा आप्पारे हा त्याचाच सख्खा भाऊ. दुःख आणि ओढ मनात सगळ्यात खोल जातात, म्हणून पुढे शब्द त्यांच्याकडेच झुकला, असं तो सांगतो.

आणखी एक. अवारे फार झालं की माणसाला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, ऐकणाऱ्यालाही ते भिडलं की मन हलकं होतं, आणि कविता त्यातूनच जन्मते, असंही तो म्हणतो. खिन्न माणूस दार लावून बसतो. अवारे दार उघडायला लावतं.

शब्दवेडी
मग मराठीत काय म्हणू? हुरहूर? हळहळ? गहिवर?

जुनी_वही
हुरहूर बहुतेक पुढच्याबद्दल असते, हळहळ झाल्यानंतर. गहिवर सगळ्यात जवळचा, सुखातही येतो. पण गहिवर नुसता दाटून येतो, त्यात जाणणं नाही. आणि "याला गहिवर कळत नाही" असं आपण नावाड्याला म्हणणार नाही.

निशिकासाईकर
माझी एक सहकारी म्हणाली, तिच्या आजीला पाऊस थांबल्यावर पागोळ्या ऐकताना जे वाटतं, ते. तिथे गहिवर मोठा होईल. मला वाटतं, शब्द आहे तसाच ठेवावा.

बंदरकर
ठेवा. पण तो नावाडी माझ्या डोक्यातून जात नाही. पुढे त्याचं काय झालं?

जुनी_वही
तो पूर्ण प्रवासभर आहे, आणि बहुतेक वेळा त्याची टिंगलच चालते. पण परतीच्या शेवटच्या टप्प्यात, दुसऱ्या महिन्याच्या ५ तारखेला, तो खलाशांना हुकूम देतो: मालकांची आज्ञा झाली आहे, सकाळचा उत्तरेचा वारा सुटायच्या आत दोर भराभर ओढा. ऐकणाऱ्यांच्या लक्षात येतं की हे कवितेसारखं वाजतंय. कोणीतरी लिहून काढून अक्षरं मोजतं, तर बरोबर ३१ निघतात. म्हणजे पूर्ण वाका, ३१ अक्षरांची जपानी कविताच.

बंदरकर
आणि तरी म्हणे, याला कळत नाही!