मदत हवी आहे: ब्रॅडफर्ड चाचणीत विरलन गुणक कसा धरावा व कसा लिहावा?

नमस्कार. जळगावातील आमच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत उडदाच्या पिठाच्या अर्कातील प्रथिने मोजताना एक प्रश्न उभा राहिला आहे. प्रमाण द्रावणे बीएसएची, ०.१ ते १.० मिग्रॅ/मिली, प्रत्येक नळीत २० मायक्रोलिटर नमुना, १ मिली रंगद्रव्य, वाचन ५९५ नॅनोमीटरवर.

अर्क पाचपट विरल केल्यावर आलेखावरून ०.८५, दहापट केल्यावर ०.४६ आणि वीसपट केल्यावर ०.२३५ मिग्रॅ/मिली मिळाले. गुणाकार केल्यास मूळ अर्कासाठी अनुक्रमे ४.२५, ४.६ आणि ४.७ येतात. १.० चे प्रमाण द्रावण सरळ रेषेच्या खाली पडते, म्हणजे वरच्या टोकाला मोकळे रंगद्रव्य कमी पडून रेषा वाकत असावी. म्हणून पाचपटीचे वाचन वगळून उरलेल्या दोहोंची सरासरी ४.६५ द्यावी, असे मला वाटते. हे योग्य ठरेल का?

दुसरे असे की, रंगद्रव्यामुळे नमुना आणखी ५१ पट विरल होतो, तोही गुणक धरावा, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. प्रमाण द्रावणेही तेवढीच विरल होत असल्याने मला ते पटत नाही. माझे कुठे चुकते का?

शिवाय अहवालात नुसते १:१० लिहिल्यास कोणी एक भाग अर्क व दहा भाग बफर असे वाचून अकरापट समजेल. त्याऐवजी ‘१०० मायक्रोलिटर अर्क, एकूण १ मिली, गुणक १०’ असे लिहिणे पुरेसे होईल का?