मदत हवी आहे: पहिली बरी दिसलेली चाल खेळून मोकळा होतो, यादी करायची कशी?

विश्रामबागचा_घोडा
सांगलीत राहतो, वय ४१. रविवारी रॅपिड बुद्धिबळ खेळतो, १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव. परवा माझी पांढरी, समोर मिरजेचा नववीतला पोरगा.

```
1.e4 e5 2.Nf3 Nc6 3.Bc4 Nd4 4.Nxe5 Qg5
5.Nxf7 Qxg2 6.Rf1 Qxe4+ 7.Be2 Nf3#
```

मात झाली तेव्हा माझ्या घड्याळात १५ मिनिटं २० सेकंद होते! म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्त. चौथ्या चालीला e5 चं प्यादं फुकट दिसलं, घेतलं. पाचव्याला f7 वरून वजीर आणि हत्ती दोन्हींवर मारा, म्हटलं आता पोरगं रडतंय.
आधी सगळ्या शक्य चाली मांडाव्यात, मग हिशेब करावा, हे माहीत आहे. पण पहिली चाल सुचली की तिच्याच मागे जातो, दुसरी डोक्यात येतच नाही. तुम्ही नेमकं काय करता?

झटपट_मात
हा जुना सापळा आहे राव. तिसऱ्या चालीला Nd4 आलं की e5 घ्यायचं नाही, एवढं पाठ करा. विषय संपला.

विश्रामबागचा_घोडा
सापळा आता जन्मात विसरणार नाही. पुढच्या रविवारी दुसरा कुणी दुसरं काही फुकट ठेवेल, त्याचं काय?

कराडकर७२
शह, मार, धमकी. याच क्रमाने बघायचं, चाली आपोआप सापडतात. मी कायम हेच करतो. आणि यादी नोटेशनच्या कागदावर कडेला लिहून काढा, विसरायला नको.

कृष्णाकाठ
कागदावर अजिबात लिहू नका. फिडेच्या नियमांत चाल आधी लिहून ठेवायला मनाई आहे, पंच लगेच टोकतील. यादी डोक्यातच.

शह-मार-धमकी निम्मं बरोबर. पाचव्या चालीला त्यानं Bxf7+ सापडलं असतं. पण चौथ्याला, उंट घालवणारं Bxf7+ सोडलं तर, दोनच मार दिसतात, Nxe5 आणि Nxd4. c3 किंवा कॅसलिंग त्या चाळणीतून गळूनच जातं. आणि दोन मारांत हात जाणार चविष्ट दिसतो त्याकडेच.

मी असं करतो. समोरच्याची चाल झाली की आधी बघतो, तिनं काय सोडलं आणि काय धरलं. घोडा c6 वरून उठला म्हणून e5 उघडं पडलं. बरं, पण त्याला ते दिसलं नसेल का? मग नुसती नावं घेतो: Nxe5, Nxd4, c3, कॅसलिंग. इथे हिशेब करायचा नाही, हीच शिस्त अवघड आहे. चार नावं झाली की प्रत्येकाला समोरच्याचं सगळ्यात त्रासदायक उत्तर शोधायचं. Nxe5 ला त्याचा वजीर कुठे कुठे जातो ते बघा. g5 वर आला की तुमचा घोडा आणि g2 दोन्हींवर नजर. तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या नावाकडे जायचं. Nxd4 exd4, मग कॅसलिंग: त्याचं एकही मोहरं बाहेर नाही, तुमचं सगळं शाबूत. मी हेच खेळलो असतो.

पाचव्या चालीला तुम्ही यादी केलीच नाही. घोडा Ng4 असा मागे घेतला तर d5 येतं आणि तुमचा उंट नि घोडा एकदम सापडतात. Nxf7 मधली गोम अशी की ज्या वजिरावर तुम्ही मारा केला, तो जाता जाता g2 खाऊन हत्तीवर येतो, म्हणजे त्याची चाल वाया जातच नाही. राहिलं Bxf7+. राजा e7 वर, मग कॅसलिंग, Qxe5, Bxg8 Rxg8 आणि c3. एक मोहरं कमी, दोन प्यादी जास्त, त्याचा राजा मध्यात, आणि d4 येणारच.

सातारची_आई
माझी मुलगी १० वर्षांची आहे. तिला यादी करायला सांगितलं तर आठ-नऊ चाली मोजते आणि वेळ संपून हरते. सरांनी प्रत्येक चालीला यादी करायला सांगितलीय.

कृष्णाकाठ
ताई, प्रत्येक चालीला नको. त्यानं मोहरं मारलं आणि परत मारण्याशिवाय गत्यंतर नसेल तर यादी कसली? मी डावात पाच-सहा वेळाच करतो: मोहरी एकमेकांना भिडली की, काही फुकट मिळतंय असं वाटलं की, आणि प्यादं पुढे ढकलण्याआधी, कारण ते मागे येत नाही. तीन-चार नावांच्या वर जात नाही.

कराडकर७२
पण सोव्हिएत ग्रँडमास्टर कोतोव तर म्हणायचा, यादी पूर्ण करा आणि प्रत्येक फांदी एकदाच बघा, मागे फिरू नका.

कृष्णाकाठ
ते मला कधीच जमलं नाही. दुसरी फांदी बघताना पहिलीत राहून गेलेलं काहीतरी दिसतं, मग मी मागे फिरतो. १५ मिनिटांच्या डावात ते बरोबर की चूक, आमच्या मंडळातही एकमत नाही.

विश्रामबागचा_घोडा
काल रात्री पट मांडून चौथ्या चालीची नावं घेतली. Nxe5, Nxd4, कॅसलिंग. c3 मला वाचूनसुद्धा आठवलं नाही. आणि Bxf7+ नंतरचा डाव एक मोहरं कमी घेऊन त्या पोरासमोर मी कसा खेळलो असतो, ते काही अजून कळत नाही.