मदत हवी: मेटाबॉलची सोंड पोटाला चिकटते, मेश केल्यावर सुरकुत्या येतात

सोंडेत_अडकलो
ब्लेंडरमध्ये मेटाबॉल वापरून गणपती करतोय. पोट, डोकं, हात छान एकजीव झाले, पण सोंडेचं टोक पोटाजवळ नेलं की दोन्ही मिळून एकच गोळा होतो. लांब नेलं की वळण बिघडतं. मेश केला तर त्यावर सुरकुत्या दिसतात आणि सबडिव्हिजन लावलं की त्या जास्तच उठून दिसतात. क्वाड रिमेश तर चालतच नाही. दोन रात्री यातच गेल्या. काय करू?

पेणचा_पोऱ्या
सोंड आणि पोट यांच्या मधे एक निगेटिव्ह मेटाबॉल ठेव. लगेच सुटतात.

सोंडेत_अडकलो
ठेवून पाहिला. सोंड सुटली, पण पोटावर वाटीएवढा खळगा पडला.

जाळीदार
आकार केवढा आहे? रेझोल्यूशन किती ठेवलंय? सोंडेच्या गोळ्यांची नावं काय आहेत? आणि शेवटी करायचंय काय, प्रिंट की ॲनिमेशन? हे कळल्याशिवाय नुसते अंदाजच होतील.

सोंडेत_अडकलो
उंची 2 युनिट. रेझोल्यूशनला हात लावलेला नाही. नावं `Mball`, `Mball.001` अशी, सगळे गोळे Shift+D ने केलेत. 150 मिमीचा प्रिंट काढायचाय. जमलं तर पुढे सोंड हलवायचीही आहे.

जाळीदार
मग कारण नावातच आहे. टिंबाच्या आधीचं नाव सारखं असलेले सगळे मेटाबॉल एका कुटुंबातले धरले जातात आणि जवळ आले की मिसळतात. सोंडेचे गोळे `Sond`, `Sond.001` असे कर. मग ते पोटात मिसळणार नाहीत. अर्थात सोंडेच्या मुळाशीही मिसळणार नाहीत, म्हणून मुळाचा गोळा डोक्यात चांगला खोल घुसव. तिथला सांधा नंतर बुजवू.

सुरकुत्यांचं म्हणशील तर 2 युनिटच्या मूर्तीला मूळचं 0.4 रेझोल्यूशन म्हणजे पूर्ण उंचीत जेमतेम पाच घरं. दोन्ही कुटुंबांत, टिंब-आकडा नसलेल्या गोळ्यावर `Resolution Viewport` आणि `Render` दोन्ही 0.05 कर. एकदम 0.01 वर जाऊ नकोस, मशीन अडकेल. आकडा निम्मा केला की फेस साधारण चौपट होतात.

मग फाइलची एक प्रत ठेवून सगळे गोळे निवड आणि `Object > Convert > Mesh` कर. दोन मेश मिळतील, ते Ctrl+J ने जोड, Ctrl+A ने स्केल लागू कर आणि व्हॉक्सेल रिमेश कर. मेटाबॉलच्या मेशमध्ये बारीक, चिंचोळ्या फेस बऱ्याच असतात. सबडिव्हिजन त्याच फेस तोडत बसतं, म्हणून सुरकुती जात नाही.

नोडवेडा
हे सगळं जुनं झालं. जिऑमेट्री नोड्स घे. प्रत्येक गोळ्याचं अंतर काढायचं, मॅथ नोडमधल्या `Smooth Minimum` ने जोडायचं, चिन्ह उलटं करून `Volume Cube` ला द्यायचं आणि पुढे `Volume to Mesh`. कुठे किती मिसळायचं ते प्रत्येक सांध्याला वेगळं ठरवता येतं. मेटाबॉलमध्ये तेवढा ताबा नाही.

जाळीदार
ताबा मिळतो हे खरं. पण वीस गोळ्यांची सोंड हाताने वळवत बसायचं असेल तर नोडमध्ये जीव जातो. शिवाय तिथून निघणारा मेशही घरांच्या जाळीवरूनच येतो, सफाई चुकत नाही.

पेणचा_पोऱ्या
आमच्याकडे शाडूची सोंड वेगळी वळून मग चिकटवतात आणि ओल्या बोटाने सांधा पुसतात. तेच झालं की हे! बाकी 150 मिमीला रेझिन किती लागतं?

सोंडेत_अडकलो
नावं बदलली, सोंड सुटली! पण `Voxel Size` 0.02 ठेवून रिमेश केल्यावर टोक परत चिकटलं.

जाळीदार
टोक आणि पोट यांच्यात फट किती आहे?

सोंडेत_अडकलो
अंदाजे 0.03.

जाळीदार
म्हणजे फटीत दीड व्हॉक्सेल. निदान दोन-तीन तरी मावायला हवेत, नाहीतर फट बुजते. 0.01 कर. तुझ्या प्रिंटमध्ये ते पाऊण मिलिमीटर होतं. मग स्कल्प्ट मोडमध्ये स्मूथ ब्रश फक्त मुळाच्या सांध्यावर फिरव, टोकावर नको, तिथली धार जाईल.

सोंडेत_अडकलो
फट राहिली. सांध्यावर पंधरा-वीस हात फिरवल्यावर रेघही गेली. क्वाड रिमेशही आता चालला, पण सोंडेवर चौकोनांच्या ओळी पिळासारख्या फिरतात.

जाळीदार
क्वाड रिमेशमधल्या क्वाड्रिफ्लोला मॅनिफोल्ड, नॉर्मल एकाच दिशेला असलेला मेश लागतो, तो आता मिळाला. प्रिंटसाठी मात्र चौकोन लागतच नाहीत, व्हॉक्सेलवालाच मेश पाठव.

नोडवेडा
आणि सोंड हलवायची असेल तर पिळाच्या ओळी चालणार नाहीत. वाकवताना मेश मुरगळेल. सोंडेभोवती आडवी कडी हाताने काढावी लागतील.

जाळीदार
सोंडेपुरतं मान्य. पोटाला मात्र क्वाड्रिफ्लोचं चालेल असं मला वाटतं.

नोडवेडा
पोटही श्वासाबरोबर हलवलं की बेंबीपाशी दिसेल.

सोंडेत_अडकलो
आधी प्रिंट काढतो. कडी कुठून सुरू करायची, मुळापासून की टोकापासून?