सार्जंट पेपर: मोनो की स्टिरिओ?

निनाद_७: बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ मी पहिल्यापासून स्टिरिओतच ऐकत आलोय. आता मित्र म्हणतो, मोनो ऐकला नाहीस तर खरा अल्बम ऐकलाच नाहीस. घरात दोन स्पीकर असताना लोक मोनोच्या मागे का लागतात? हा कानाचा मामला आहे की नुसता जुन्या वस्तूंचा शौक?

जुनी सुई: पेटी जवळ घ्या आणि ‘शीज लीव्हिंग होम’ दोन्हींत लावा. स्टिरिओत ते पांढरी तीनमध्ये आहे, मोनोत पांढरी चारमध्ये. मोनो मिक्स करताना टेप जरा वेगाने फिरवली, त्यामुळे सूर चढला, चाल हलकी झाली आणि पॉलचा आवाज कोवळा वाटू लागला. स्टिरिओत टेप मूळ वेगाने चालली. घर सोडून जाणाऱ्या मुलीचं तेच गाणं तिथे रेंगाळतं, मला तर ते फार रडवेलं वाटतं. ‘लूसी इन द स्काय’चं उलटं आहे. मोनोत ते संथ आहे आणि आवाजावरची ती घुसळण कितीतरी गडद.

हे असं झालं, कारण १९६७ साली ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा प्लेअर होता. मोनो मिक्सच्या वेळी चौघे ॲबी रोडवर हजर असायचे. स्टिरिओ नंतर त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी काही दिवसांत उरकलं, चौघांच्या गैरहजेरीत.

ठाणेकर श्रोता: एवढा घोळ कशाला? ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असतं. दाबलं की दोन्ही बाजू एक होतात, झाला मोनो. रेकॉर्ड विकत कशाला घ्यायची?

जुनी सुई: १९६९ च्या ‘यलो सबमरीन’पुरतं तुमचं बरोबर आहे, त्याचा मोनो तसाच स्टिरिओ एकत्र करून काढला होता. ‘पेपर’चा मोनो मात्र चार ट्रॅकच्या टेपवरून वेगळा बसून केलाय. बटण दाबून ‘शीज लीव्हिंग होम’ पांढरी चारवर जाईल का? शिवाय बटण दाबल्यावर मध्यभागी ठेवलेला आवाज फुगतो आणि कडेची वाद्यं मागे पडतात. ‘पेपर’च्या रिप्राइजच्या शेवटी पॉल ओरडतो, ते मोनोत ठळक आहे, स्टिरिओत जेमतेम कानावर येतं. जे मिक्समध्येच दाबलंय ते बटण कुठून आणणार?

मंजिरी: पण तुम्ही लोक ‘बीटल्स हजर होते’ हा शिक्का असल्यासारखं बोलता. मार्टिन आणि एमरिक कोण परके होते का? दोन्ही मिक्सवर त्यांचाच हात आहे. ‘अ डे इन द लाइफ’मध्ये जॉनचा आवाज एका कडेकडून दुसरीकडे सरकत जातो, ते मला फार आवडतं, आणि मोनोत ते होणारच नाही. ‘गुड मॉर्निंग’च्या शेवटची कोंबडी आणि पुढच्या गाण्याची पहिली गिटार यांचा सांधाही स्टिरिओतच नेमका जुळलाय. घाईत केलेलं काम दर वेळी वाईटच असतं असं नाही.

जुनी सुई: कोंबडीचं मान्य.

मंजिरी: ‘रबर सोल’च्या स्टिरिओवर मात्र मी तुमच्या बाजूने. गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात. हेडफोन लावला की डोकं दुखतं.

तात्या एलपी: स्टिरिओ रेकॉर्ड मोनोवर वाजवू नये, हेच विचारताय ना? आमच्या आजोबांच्या जुन्या प्लेअरवर मी एक छान स्टिरिओ एलपी रोज लावली. महिन्याभरात ती खरखरायला लागली.

निनाद_७: तात्या, प्रश्न तो नव्हता, पण असं का झालं?

जुनी सुई: मोनोच्या खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, स्टिरिओच्या खाचेत उभी हालचालही असते. जुन्या मोनो प्लेअरची जाड, ताठ सुई वरखाली नीट हलत नाही, मग ती खाचेच्या भिंती खरवडते. उलट दिशेने धोका नाही. आजच्या स्टिरिओ सुईवर मोनो रेकॉर्ड चालते, फक्त धुळीची टिकटिक जास्त ऐकू येते. मोनो कार्ट्रिज उभी हालचाल उचलत नाही, म्हणून त्यावर तीच रेकॉर्ड बरीच शांत होते. निम्मे लोक मोनोला नावं ठेवतात ते चुकीच्या सुईमुळे, असा माझा संशय आहे.

ठाणेकर श्रोता: म्हणजे रेकॉर्डही घ्या, वर कार्ट्रिजही घ्या. शौकच की हा!

जुनी सुई: शौक नाही असं कोण म्हणतंय? पण जुनीच प्रत हवी असं नाही. २००९ मध्ये मोनो अल्बमांचा सीडी संच आला आणि २०१४ मध्ये मूळ ॲनालॉग टेपवरून कापलेल्या एलपी.

मंजिरी: २०१७ चं, जॉर्ज मार्टिनच्या मुलाचं, जाइल्स मार्टिनचं स्टिरिओ मिक्स ऐकलंत का? त्याने मोनो समोर ठेवून ते बांधलं. ‘शीज लीव्हिंग होम’ त्यात मोनोच्याच वेगाने आहे. मला विचाराल तर ते घ्या, भांडण मिटेल.

जुनी सुई: ऐकलं. ढोल-ताशे फार पुढे आणलेत त्याने. रिंगो खूश झाला असेल, मी नाही.

निनाद_७: पेटी काढली. पांढरी चारच आहे. पण मला अजून पांढरी तीनवालंच आवडतंय, काय करू?